कंबर नेमकी कुठे असते

मराठीत हात खांद्यापासून सुरू होतो आणि बोटांच्या टोकाशी संपतो. पायही तसाच, जांघेपासून तळव्यापर्यंत एकसंध. हात भाजला म्हणणाऱ्याचं कित्येकदा एखादं बोटच पोळलेलं असतं, आणि पाय मोडला म्हणणाऱ्याला घोटा, नडगी की मांडी हे विचारून घ्यावं लागतं. बोटं हाताला असतात तशी पायालाही असतात, अंगठाही दोन्हीकडे. बोलताना यातलं काहीच अडत नाही, कारण बोलणारा समोर असतो आणि दुखऱ्या जागेवर हात ठेवून दाखवतो. छापील वाक्याला ती सोय नाही.

कंबरदुखीच्या रुग्णांसाठी लिहिलेली एक पातळशी इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे सगळं पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलं. पुस्तिकेत काही आसनं होती, काही फिजिओथेरपीचे व्यायाम. रुग्ण ती घेऊन घरी जाणार, चटई अंथरणार आणि शेजारी कुणी नसताना, एका हातात पान धरून आपलं दुखरं शरीर हलवणार. कादंबरीच्या अनुवादात शब्द थोडा हलला तर वाचक पुढच्या ओळीवर सावरून घेतो. इथे शब्द हलला तर मणका भलत्या जागी वाकतो. म्हणून एकेका वाक्यापाशी मी फार रेंगाळले, आणि सगळ्यांत जास्त रेंगाळले ती एका साध्या सूचनेपाशी. तिचा आशय इतकाच होता: पुढे झुकताना हिपमधून झुका, वेस्टमधून नको.

हिपलाही आपण कंबर म्हणतो आणि वेस्टलाही. म्हणजे मराठीत ही सूचना ‘कंबरेतून वाका, कंबरेतून वाकू नका’ अशी होऊन बसते.

कंबरेचा मुलूख आपल्याकडे फार मोठा आहे. साडीची निरी जिथे खोचली जाते ती कंबर. चांदीचा कंबरपट्टा जिथे बसतो ती कंबर. सकाळी उठताना उसण भरते, ती पाठीच्या खालच्या भागात, पण आपण म्हणतो कंबर धरली. दवाखान्यात इंजेक्शन कुल्ल्यावर दिलं जातं आणि घरी येऊन आपण सांगतो की कंबरेत दिलं. पाण्याची घागर कंबरेवर घेतली म्हणतो, तेव्हा ती टेकलेली असते बाजूच्या उंच हाडावर. पंढरीचा विठोबा हात कंबरेवर ठेवून उभा आहे, आणि इंग्रजीत त्याच उभं राहण्याला हिपवर हात ठेवणं म्हणतात. कंबर कसावी, कंबर मोडावी, कंबर खचावी. माणसाचं सगळं बळ आपण या एका शब्दात गोळा करून ठेवलं आहे. मला हा शब्द फार आवडतो. शरीरशास्त्राच्या हिशेबात मात्र त्याच्या हद्दीत निदान चार वेगळे भाग येतात, आणि त्यांतल्या दोघांची कामं एकमेकांच्या उलट आहेत.

पाठीच्या खालच्या भागात 5 मोठे मणके असतात आणि त्यांच्यामध्ये चकत्या. हा भाग वाकतो, पण ओझ्याखाली पुन्हा पुन्हा वाकणं त्याला सोसत नाही. पाठ गोल करून पुढे झुकलं की चकतीची पुढची बाजू दाबली जाते आणि आतला मऊ गर मागे, मज्जातंतू जिथून बाहेर पडतात त्या बाजूला ढकलला जातो. त्याच्याच खाली, मांडीचं हाड जिथे खोलगट खोबणीत बसतं तिथे, शरीरातला सगळ्यांत दणकट सांधा आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हणत. वाकणं हे त्याचंच काम. कंबर दुखणाऱ्या माणसाला शिकवायचं असतं ते एवढंच, की वाकण्याचं काम वरच्या मणक्यांकडून काढून खालच्या या सांध्याला द्यायचं. म्हणजे मराठीत ज्याला कंबर म्हणतात त्याचा एक भाग स्थिर ठेवायचा आणि दुसरा हलवायचा. दोघांना एकच नाव असेल तर हे सांगायचं कसं?

परिभाषेच्या वाटेने गेलं तर शब्द मिळतात. श्रोणी मिळते, कटी मिळते, त्रिकास्थी, ऊर्वस्थी. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते हवेतच. पण मी प्रत्येक वाक्य माझ्या मावशीला वाचून दाखवत होते आणि ती त्याप्रमाणे काय करते ते पाहत होते. मावशीचं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या एका गावी शेतात गेलं, तिची कंबर आता दुखते, आणि ही पुस्तिका तिच्यासारख्या बाईच्याच हातात जायची होती. ‘श्रोणी मागे न्या’ वाचल्यावर ती तशीच उभी राहिली. “ते कुठं असतंय गं?” एवढंच तिनं विचारलं. वाक्याची ती परीक्षा झाली होती.

मग खुबा हा शब्द घेऊन पाहिला. गावाकडे आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या बोलण्यातही तो जिवंत आहे. म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं की खुब्याचं हाड मोडतं, आणि ते याच सांध्याशी मोडतं. जागा बरोबर होती, शब्द घरातला होता, मला आशा वाटली. पण ‘खुब्यातून वाका’ ऐकल्यावर मावशीनं तळहात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या टणक हाडावर ठेवला आणि ती एका कुशीला तिरकी झाली. तिचंही बरोबरच होतं. खुबा आपल्याला माहीत असतो तो कुशीवर पडल्यावर जिथे मार लागतो त्या बाजूने. सांधा मात्र त्याच्या आत, पुढच्या अंगाला, बराच खोल असतो.

संस्कृतकडे वळण्यात आणखी एक धोका होता. संस्कृतात जंघा म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग, आपली नडगी आणि पोटरी. तोच शब्द हिंदीत जांघ होऊन गुडघ्याच्या वर चढला आणि मांडी झाला. मराठीत तो आणखी वर गेला आणि मांडी जिथे धडाला मिळते त्या खाचेत जाऊन बसला. एखाद्या जुन्या ग्रंथातून किंवा हिंदी पुस्तिकेतून ‘जंघा’ जशीच्या तशी उचलली तर वाचकाचा हात वीतभर तरी चुकीच्या जागी जाणार.

पण त्याच जांघेनं वाट दाखवली. फिजिओथेरपिस्ट मॅडमना मी विचारलं होतं की तुम्ही रुग्णाला हा सांधा प्रत्यक्षात कसा दाखवता. त्या म्हणाल्या, “मी नाव घेतच नाही. गुडघा वर उचलायला लावते आणि जिथे घडी पडते तिथे त्यांचीच बोटं ठेवायला सांगते.” जांघेची घडी! हा शब्द प्रत्येक घरात आहे. लहान बाळाला तेल लावताना, पावडर लावताना प्रत्येक आईच्या आणि आजीच्या तोंडी तो असतो. त्या घडीच्या मागेच सांधा आहे.

मग ती सूचना मी मोडून पुन्हा बांधली. इंग्रजीत ती एका ओळीची होती, मराठीत पाच वाक्यांची झाली. भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहा. दोन्ही हातांची बोटं जांघेच्या घडीत ठेवा. गुडघे किंचित सैल सोडा. आता पाठ न वाकवता बूड मागे न्या, भिंतीला टेकेपर्यंत. बोटं घडीत चिमटली गेली तर तुम्ही योग्य जागी वाकत आहात. मावशीनं हे ऐकलं आणि पहिल्याच फटक्यात पाठ सरळ ठेवून झुकली. “असं तर आम्ही भाताच्या खाचरात वाकतो,” असंही म्हणाली. मी तिला चूल सारवताना आणि अंगण झाडताना पाहिलं आहे, तेव्हा तिची पाठ गोलच असते. म्हणजे शरीराला दोन्ही वाकणी ठाऊक असतात, वेगवेगळ्या कामांतून आलेली. त्यांतली कोणती हवी ते शब्दांनी दाखवता आलं की पुरे.

खात्री करण्याची एक रीत पुस्तिकेत होती, ती मी अनुवादात थोडी मोठी केली. एक लांब काठी पाठीवर उभी धरायची. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, पाठीच्या दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर. कंबरेच्या खळग्यात तळहात जेमतेम सरकेल एवढी जागा राहते, ती तशीच राहू द्यायची. आता झुकायचं. काठी माकडहाडाच्या वरून सुटली तर पाठ गोल झाली. खळग्यातली जागा वाढली तर पाठ उलट बाजूला ताणली गेली. ही रीत मला विशेष भावली, कारण तिला समोर दुसरा माणूस लागत नाही. एकट्या वाचकाला काठीच सांगते.

‘बूड’ या शब्दाबद्दल मात्र बराच खल झाला. नितंब हा शब्द कवितेत आणि शिल्पांच्या वर्णनात राहून राहून इतका नटला आहे की व्यायामाच्या वाक्यात तो आला की वाचणारी बाई संकोचते. कुल्ले हा शब्द रुग्ण बंद दाराआड सहज वापरतात, पण छापलेला पाहिला की त्यांनाच तो उणा वाटतो. काही ठिकाणी ‘बसायची जागा’ असं लिहून पाहिलं, तर वाचणाऱ्याला खुर्चीच आठवली. बूड साधं आहे, बायका-पुरुष दोघांच्या तोंडी आहे, भांड्यालाही ते असतं. त्यात ना शृंगार आहे ना शिवी. मी तोच ठेवला आणि शेवटपर्यंत बदलला नाही. एका पुस्तिकेत एका अवयवाला दोन नावं दिली की वाचक थांबतो आणि हा नवा अवयव कोणता म्हणून शोधू लागतो.

आसनांच्या नावांची गोष्ट याच्या उलटी होती. तिथे शब्द होते, उलट जास्तच होते, आणि एकेका नावामागे दोन-दोन शरीरं उभी होती. पुस्तिकेची सुरुवात एका सरळ उभ्या राहण्याने होते. इंग्रजीत त्याला पर्वताचं नाव आहे, म्हणून अनुवादकाचा हात ‘पर्वतासन’ लिहायला उचलतो. पण ते इंग्रजी नाव मुळात ताडासनाचं भाषांतर आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या 1966 सालच्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये ताड म्हणजे पर्वत असा अर्थ दिला आहे, आणि हात बाजूला सोडून स्थिर उभं राहणं हे त्यांचं ताडासन. त्याच पुस्तकात पर्वतासनही आहे, पण ते पद्मासनात बसून, बोटं गुंफून हात वर ताणण्याचं. बिहार योग परंपरेच्या सूर्यनमस्कारात पर्वतासन म्हणजे हात-पाय टेकून बूड उंच उचललेली स्थिती. ताडासन लिहून तरी सुटका होते का? मराठी माणसाला ताड म्हटलं की झाड दिसतं. 21 जूनच्या योगदिनासाठी आयुष मंत्रालयाने ठरवलेल्या अभ्यासक्रमातही ताडासन झाडाचंच आहे: हात वर, टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर. तोल जाणाऱ्या वयस्कर रुग्णाने उभं राहायला सांगितल्यावर चवड्यांवर चढणं ही काही लहान गोष्ट नाही.

मकरासनात धोका याहून मोठा होता. योगदिनाच्या अभ्यासक्रमात ती विश्रांती आहे: पालथं झोपायचं, हातांची उशी करायची, पाय सैल पसरायचे. कंबरदुखीच्या पुस्तिकेतही ते याच अर्थाने, दोन व्यायामांच्या मधल्या विसाव्यासाठी आलं होतं. पण अय्यंगारांच्या पुस्तकात मकरासन म्हणजे शलभासनाचा अधिक कष्टाचा प्रकार. हात डोक्यामागे गुंफून छाती आणि पाय दोन्ही जमिनीवरून उचलायचे. एक नाव, एकाला विसावा आणि दुसऱ्याला पाठीच्या स्नायूंची कसोटी. ज्या रुग्णाने तरुणपणी पुण्याच्या एखाद्या वर्गात ते शिकलं असेल, तो ‘मकरासनात विश्रांती घ्या’ वाचून काय करील?

म्हणून मी आसनाचं नाव मथळ्यावरून खाली उतरवलं. मथळ्यात क्रिया लिहिली: ‘पालथे पडून विसावा’, ‘दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन उभे राहणे’. नाव त्याखाली बारीक अक्षरांत, ज्यांना ते माहीत आहे त्यांच्यासाठी. काही जाणकारांना हे नावांचा मान राखणारं वाटलं नाही. मला नावांबद्दल आदर आहे. हठप्रदीपिकेत 15 आसनं सांगितली आहेत आणि घेरंडसंहितेत 32. त्या नावांना शतकांचा उजाळा आहे. पण रुग्णाने आधी शरीर योग्य रीतीने ठेवावं आणि मग नाव वाचावं, या क्रमावर मी ठाम राहिले.

पालथं, उताणं आणि कुशीवर या शब्दांनी मात्र या कामात मला पोटभर आनंद दिला. इंग्रजीला पाठीवर झोपा, पोटावर झोपा असं पूर्ण वाक्य लागतं. आपल्याला एक शब्द पुरतो आणि तो तान्ह्या बाळापासून लागू आहे, बाळ पालथं पडायला लागलं हे सगळं घर ऐकतं. बसण्याचे तर किती प्रकार: मांडी घालून, उकिडवं, फतकल मारून, एक गुडघा उभा करून, चवड्यांवर. शहरी व्यायामशाळेत ज्याला स्क्वॉट म्हणतात त्याला तालमीतली बैठक आहे आणि अंगणातलं उकिडवं बसणंही. दोन्ही पूर्ण खालपर्यंत जातात. पुस्तिकेला हवा होता तो अर्धाच, खुर्चीवर बसायला निघून मध्येच थांबल्याइतका, म्हणून तिथे मी ‘खुर्चीत बसता बसता थांबा’ असंच लिहिलं.

एक व्यायाम असा होता ज्याला संस्कृत नाव नव्हतं आणि इंग्रजी नाव आपल्या कामाचं नव्हतं. कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्यावर दीर्घ संशोधन केलं, आणि कंबर स्थिर ठेवण्यासाठी ते जे तीन व्यायाम सुचवतात त्यांतला एक ‘बर्ड डॉग’. पक्षी हेरून एक पाय उचलून निश्चल उभा राहणारा शिकारी कुत्रा त्या नावात आहे. तो कुत्रा आपल्या गल्लीत नाही. मी लिहिलं: ‘रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांबवणे’. गुडघे जांघेच्या बरोबर खाली, मनगटं खांद्याच्या खाली. खोकताना पोट जसं आपोआप घट्ट होतं तेवढंच घट्ट ठेवायचं, आत खपाटीला न्यायचं नाही. मग उजवा हात पुढे आणि डावा अख्खा पाय मागे, टाच भिंतीकडे ढकलत, बुडाच्या उंचीपर्यंत. त्याहून वर गेला की कंबरेत खड्डा पडतो. जास्तीत जास्त 10 सेकंद धरून खाली आणायचं, आणि वेळ वाढवण्याऐवजी आवर्तनं वाढवायची. ‘अख्खा पाय’ हे दोन शब्द घालायला मला बराच काळ लागला. त्यांच्याशिवाय मावशी गुडघा टेकलेला ठेवून फक्त पाऊल उचलत होती.

आणि दुखणं. इंग्रजी पुस्तिका वेदना, ताण आणि अस्वस्थता या तीन शब्दांवर भागवत होती. ताण चालेल, वेदना आली तर थांबा, असा तिचा नियम. मराठीत ताण म्हणजे नोकरीचाही आणि मुलीच्या लग्नाचाही. पण त्याबदल्यात आपल्याकडे रग आहे, ओढ आहे, कळ, चमक, ठणका, मुंग्या, आग आहे, आणि प्रत्येकाची जात वेगळी आहे. मॅडमबरोबर बसून मी ती लावली. व्यायामानंतर स्नायूत रग भरली किंवा मांडीच्या मागे ओढ लागली तर हरकत नाही. चमक निघाली, कळ आली तर थांबा. दुखणं बुडातून खाली पोटरीकडे सरकू लागलं, पायाला मुंग्या आल्या, तर तो व्यायाम आज सोडा. तेच दुखणं पायातून वर सरकून कंबरेपाशी गोळा झालं, तर तिथे जरा जास्त दुखलं तरी ते बहुधा सुधारण्याचं लक्षण. हा शेवटचा मुद्दा इंग्रजीत रुक्ष होता, मराठीत मात्र रुग्ण आपलं दुखणं जसं सांगतो तसाच लिहिता आला.

एकच वाक्य उरलं होतं. कंबरेतली चकती फार मोठ्या प्रमाणात सरकली तर खालच्या मज्जातंतूंचा सगळा जुडगा दाबला जातो, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर नुकसान कायमचं होऊ शकतं. त्याची खूण म्हणून इंग्रजीत ‘सॅडल’चा भाग बधिर होणं असं लिहिलेलं होतं. खोगीर आपल्या घरांतून कधीच गेलं. हठप्रदीपिकेत सिंहासनाच्या वर्णनात टाचा सीवनीच्या दोन्ही बाजूंना ठेवायला सांगितल्या आहेत. ती जागा हीच, पण शिवण म्हटलं की आजच्या वाचकाला कपड्याचीच आठवते. मॅडम म्हणाल्या, “लाजून इथे गोल गोल लिहू नका. बायका हे आठवडाभर कुणाला सांगत नाहीत.” मग ते वाक्य मी पहिल्या पानावर, चौकटीत, जाड अक्षरांत घ्यायला लावलं: सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे, म्हणजे लघवीच्या आणि शौचाच्या जागेभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर कोणताही व्यायाम करू नका. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा, आणि तिथे हेच शब्द सांगा.